“सर अर्जंट” एवढंच लिहून आलं तर

नंदनवनात मी एक अभ्यासिका सांभाळतो. नव्वदेक मुलं-मुली येतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी तलाठ्याची, कुणी एमपीएससीची. बरीचशी गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडची, आजूबाजूच्या लेआऊटमध्ये दोघं-तिघं मिळून रूम करून राहणारी. अभ्यासिकेचा एक फोन आहे आणि रात्री तो माझ्या उशाशी असतो. “अर्जंट” हा शब्द त्या फोनवर दिवसातून दहा वेळा येतो. “सर अर्जंट, कूलरमध्ये पाणी नाही.” “अर्जंट सर, माझ्या सीटवर दुसराच बसला.” मे महिन्यात नागपूरमध्ये कूलर बंद पडणं ही अर्जंट गोष्ट आहेच, पण रोज ऐकून ऐकून हा शब्द कानाला बोथट वाटू लागतो.

काही वर्षांपूर्वी एका रात्री साडेअकराला एका मुलाचा मेसेज आला, “सर अर्जंट होतं.” मी लिहिलं, “उद्या सकाळी दहानंतर बोलू.” त्याने अंगठा दाखवला आणि मी झोपलो. तो पोरगा रात्रभर गणेशपेठच्या बसस्थानकावर बसून होता. गावाकडची गाडी धरायची नव्हती, रूमवर परतायचं नव्हतं आणि आणखी कुठे जायचं ते सुचत नव्हतं. पहाटे त्याच्या रूम पार्टनरने शोधून आणला, म्हणून निभावलं. त्यानंतर मी समुपदेशनाचं एक छोटं प्रशिक्षण घेतलं आणि फोन हाताळायची पद्धत बदलली. ती इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरपर्यंत किंवा पोलिसांपर्यंत माणूस सुखरूप पोहोचेतोवरचा जो अर्धा-पाऊण तास असतो, तेवढ्यापुरतंच हे आहे.

मेसेज कसा वाचायचा

पहिल्यांदा बघायचं ते असं, की मेसेजमध्ये काम कुठे आहे? “अर्जंट, हॉल तिकीट प्रिंट करायचं आहे” यात काम आहे. “अर्जंट” एवढंच असेल, “हेल्प” असेल, “सर आहे का” असेल आणि पुढे काहीच नसेल, तर माणसाला काय मागायचं ते मांडता येत नाहीये. मन फार गांगरलं की वाक्य जुळत नाही, आणि बोटं जेमतेम एक शब्द टाईप करतात. म्हणून शब्द किती मोठा आहे यापेक्षा त्याला कर्म आहे का, ते मी पाहतो.

दुसरं म्हणजे त्याच माणसाचे जुने मेसेज वर सरकवून बघायचे. याला वीस सेकंद लागतात. जो पोरगा नेहमीच तुटक लिहितो, त्याचं “अर्जंट” वेगळं. जो एरवी “नमस्कार सर, एक विनंती होती” असं लांबलचक लिहितो, त्याने मध्यरात्री एकच शब्द टाकला तर दचकायला हवं. वयस्कर माणसांचं मात्र उलट असतं. आमच्या घरमालकांसारखी सत्तरीतली माणसं नेहमीच एका शब्दात लिहितात, कारण त्यांना टाईप करायचा कंटाळा असतो. त्यांच्याकडून “ये” एवढंच आलं तर मी मेसेजच्या फंदात न पडता थेट फोन करतो. छातीत दुखणं, पडणं, चक्कर अशा गोष्टीत चॅटिंग करायला वेळ नसतो.

तिसरं, वेळ आणि दिवस. निकालाची यादी लागली ती संध्याकाळ, शारीरिक चाचणीत बाद झाला तो दिवस, घरून पैसे यायचे थांबले तो आठवडा. अभ्यासिकेत बसणाऱ्याला हे दिवस माहीत असतात. कारखान्यात, शाळेत, सोसायटीत हे दिवस वेगळे असतील, पण असतात नक्की.

आणि चौथी खूण मला सगळ्यात जास्त कामाला येते. मागे घेतलेला मेसेज. “अर्जंट” लिहिलं, मग दोन मेसेज पाठवून पुसून टाकले. किंवा बराच वेळ “टाईप करत आहे” दिसत राहिलं आणि शेवटी आलं, “काही नाही सर, राहू द्या.” कूलरची तक्रार करणारा कधी “राहू द्या” म्हणत नाही, तो चार वेळा आठवण करून देतो. जो मदत मागून लगेच माघार घेतो, त्याला बहुतेक आपण कुणाच्या गळ्यात पडतोय असं वाटत असतं, आणि ही भावना चांगल्या लक्षणांतली नाही.

फसवणुकीचा प्रकारही इथेच सांगतो, कारण मध्ये त्याने आम्हाला बरंच छळलं. ओळखीच्या नंबरवरून “अर्जंट मदत पाहिजे” येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या मेसेजला पैशाची रक्कम आणि क्यूआर कोड येतो. खात्याचा ताबा दुसऱ्यानेच घेतलेला असतो. ओळखायची सोपी तऱ्हा म्हणजे साधा फोन लावायचा, व्हॉट्सॲपवरून नाही, आणि आवाज ऐकायचा. आवाज ऐकल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच तक्रार करायची. पण फसवणूक असेल या शंकेने उत्तर द्यायचंच टाळू नका. “तू ठीक आहेस का” असं विचारायला पैसे पडत नाहीत.

पहिलं उत्तर

पहिल्या उत्तरात तीनच गोष्टी असाव्यात. मी आहे, मी वाचतोय, आणि एक असा प्रश्न ज्याचं उत्तर एका आकड्यात देता येईल. मी हे वाक्य फोनमध्ये साठवूनच ठेवलंय, कारण झोपेतून उठल्यावर मलाही सुचत नाही:

“मी जागा आहे, वाचतोय. तू आत्ता सुरक्षित आहेस का? हो असेल तर १ लिही, नसेल तर २, सांगता येत नसेल तर ३.”

आकडा का? ज्याला वाक्य जुळवता येत नाहीये त्याला “काय झालं, नीट सांग” म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला अर्ज भरायला लावणं. आकडा टाईप करायला एक बोट पुरतं. शिवाय जवळ कुणी उभं असेल, तर स्क्रीनवरचा “२” कुणाच्या लक्षात येत नाही.

काय लिहायचं नाही तेही सांगतो. प्रश्नचिन्हांची रांग नको. “अरे काय झालं??? घाबरवतोस काय???” हे वाचून समोरचा आपल्यालाच सांभाळायला लागतो आणि “काही नाही” म्हणून मोकळा होतो. “टेन्शन नको घेऊ, सगळं ठीक होईल” हेही नको, कारण काय बिघडलंय तेच अजून आपल्याला ठाऊक नाही. आणि ग्रुपवर “अर्जंट” आलं असेल तर ग्रुपवर चौकशी करू नका. सगळ्यांसमोर एकच ओळ टाका, “मी पर्सनलवर बोलतो,” आणि तिथे जा.

लगेच फोन करू नये, आधी विचारावं: “फोन करू की इथेच लिहायचं?” यामागे कारण आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका विवाहित मुलीने एकदा “दादा हेल्प” लिहिलं. तिच्या घरात तेव्हा भांडण पेटलं होतं आणि नवरा शेजारीच होता. माझ्या फोनची रिंग वाजली असती तर “कोणाचा फोन” यावरून आणखी मार बसला असता. तिला मी आकड्यांतच विचारत गेलो. घरात आहेस का, दार उघडता येतं का, पोलीस पाठवू का. तिने “१” लिहिलं आणि ११२ वर मीच कळवलं. अशा वेळी पुढचा सल्ला १८१ या महिला हेल्पलाइनवर मिळतो, आणि मूल संकटात असेल तर १०९८. पण त्या रात्री दारात कुणीतरी येणं गरजेचं होतं, आणि ते काम ११२ चं.

एका रात्रीचा हिशेब

आता ज्या प्रसंगावरून मी नव्या मुलांना शिकवतो, तो मिनिटांसकट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

भरतीची यादी संध्याकाळी लागली होती. रात्री ११:५२ ला वडसाकडच्या एका मुलाचा मेसेज आला, “सर अर्जंट.” एरवी तो “सर, डिस्टर्ब केल्याबद्दल सॉरी” अशी सुरुवात करणारा. मी ११:५५ ला वरचं साठवलेलं वाक्य पाठवलं. त्यानंतर दोन मेसेज येऊन पुसले गेले. मग आलं, “काही नाही सर. राहू द्या. झोपा तुम्ही.”

मी लिहिलं, “झोपलो नाही अजून. बाकी काही लिहू नको, फक्त १, २ किंवा ३ पाठव.”

“३.”

“बरं झालं सांगितलंस. रूमवर आहेस का?”

“नाही. चौकात बसलो आहे. ती चहाची टपरी.”

इथे मला दोन गोष्टी कळल्या. तो एकटा बाहेर आहे, आणि नेमका कुठे आहे. माझ्याकडे दुसरा फोन असतो, त्यावरून मी त्याच्या रूम पार्टनरला उठवलं आणि म्हटलं, “टपरीकडे जा. काही विचारू नको, फक्त शेजारी बस.” हे मुलापासून लपवलं नाही. त्याला लिहिलं, “तुझ्या पार्टनरला तुझ्याजवळ पाठवतोय, एकटा बसू नको म्हणून. तो येईपर्यंत मी इथेच आहे.” लपवून केलं असतं तर पुढचं काही त्याने सांगितलं नसतं.

१२:१० ला त्यानेच लिहिलं, “फोन करा सर.” पहिली काही मिनिटं तो नुसता श्वास घेत होता. मी “हं” आणि “ऐकतोय” एवढंच म्हणत राहिलो. मग सुटला. दोन गुणांनी नाव राहिलं होतं. बाबांनी कोचिंगसाठी उसने पैसे काढले होते. “मले काही सुचून नाही राह्यलं सर. घरी कोणत्या तोंडाने जाऊ?”

या जागी जीभ शिवशिवते. पुढची भरती येईल, दोन गुण म्हणजे काहीच नाही, माझंही एकदा असंच झालं होतं. मी यातलं काही बोललो नाही. बोललो ते एवढंच: “दोन गुणांनी राहिलं आणि वर उसन्या पैशाचं ओझं. म्हणून घरी जायची हिंमत होत नाहीये.” त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवलं. तो रडायला लागला. मी थांबलो.

तो एक प्रश्न

त्यानंतर मी जे विचारलं ते विचारायला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. “इतकं असह्य झालं की काही जणांच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुझ्या मनात आला का?”

असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, असं आपल्याकडे पक्कं मानलं जातं. ते खरं नाही. या विषयातले अभ्यास उलटंच सांगतात. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. प्रश्न सरळ हवा. “काही उलटसुलट तर करणार नाहीस ना?” असं विचारलं की उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं, आणि तो “नाही सर” म्हणतो.

तो म्हणाला, “हो सर.”

“हो” आलं की आणखी दोन प्रश्न. आज रात्रीच काही करायचं ठरवलं होतंस का? त्यासाठी काही जवळ ठेवलं आहे का? या दोन्हीला “नाही” असेल, तर सोबत आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर, एवढ्यावर बहुधा निभतं. दोन्हीला “हो” असेल तर त्या क्षणापासून माणसाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेला तरी दाराबाहेर कुणीतरी असावं. याच्या बाबतीत उत्तर आलं, “ठरवलं नव्हतं, पण रूमवर आणून ठेवलं आहे.” पार्टनर तेवढ्यात त्याच्याजवळ पोहोचला होता. मी मुलाला विचारलं, “ते तिथून हलवू का?” तो हो म्हणाला. घरमालकीण काकूंना उठवून, वस्तू त्यांच्या हवाली करून त्यांच्या कपाटात कुलपात ठेवायला सांगितली. काकूंनी एक शब्द विचारला नाही, हे त्यांचं मोठेपण. अशा विचाराची तीव्र लाट बऱ्याचदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसणं यानेच जीव वाचतो, म्हणून हे काम “सकाळी बघू” वर टाकायचं नाही.

मग त्याच्या संमतीने १४४१६ लावला आणि कॉन्फरन्सवर त्याला जोडून घेतलं. ही टेलिमानस सेवा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात. फोन लागायला वेळ लागला तर मुलगा “जाऊ द्या” म्हणतो, म्हणून त्याला आधीच सांगायचं की भाषा निवडायला लावतील, थोडं थांबावं लागेल, मी लाइनवर आहे. समुपदेशक बोलू लागल्या तेव्हा मी मुलाला विचारून बाजूला झालो.

“बाबांना सांगू नका” असं त्याने तीनदा म्हटलं. मी वचन दिलं नाही. “गुपित ठेवतो” हे वाक्य अशा रात्री कधीच द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागतं. मी म्हटलं, “घरच्या एकाला तरी सांगावं लागेल. कुणाला, ते तू ठरव.” त्याने मामाचं नाव घेतलं. मामा सकाळच्या गाडीने आले, आणि त्यांच्यासोबत तो मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत गेला. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं आहेत, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही. पोरांना मनोरुग्णालयाच्या नावाने संकोच वाटतो, म्हणून मी पहिल्यांदा मेडिकलच सुचवतो.

११२ कधी

तो टपरीवर भेटला नसता, उत्तरं थांबली असती, फोन बंद झाला असता, तर मी थांबलो नसतो. माझा नियम असा: जीवाचा धोका दिसल्यावर माणूस गप्प झाला तर दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत दोनदा फोन, रूम पार्टनर, घरमालक. तरीही पत्ता लागला नाही तर ११२. आणि काही खाल्लं-प्यायलं असेल, इजा झाली असेल, तर एक मिनिटही नाही. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, किंवा ती येण्याआधी गाडी मिळत असेल तर गाडीत घालून मेडिकल नाही तर मेयो गाठा. आपल्याकडे मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची जुनी खोड आहे. ते करू नका, त्याने श्वासनलिकेत जाऊन आणखी नुकसान होऊ शकतं. जे घेतलं त्याची बाटली किंवा रिकामी स्ट्रिप सोबत न्या. आणि “आता बरं वाटतंय” म्हटला तरी नेलंच पाहिजे, कारण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक तासन्‌तास घालवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर, नोंद होते, पण ती त्यांची नेहमीची नोंद. तिच्यासाठी उपचार अडत नाहीत.

११२ वर बोलताना पत्ता अडतो. नागपूरचे पत्ते प्लॉट नंबर आणि लेआऊटवर चालतात, आणि एकाच नावाचे लेआऊट शहराच्या दोन टोकांना सापडतात. बाहेरगावची मुलं स्वतःचा पत्ता “त्या पाण्याच्या टाकीजवळ” एवढाच सांगू शकतात. म्हणून प्रवेशाच्या वेळीच मी वहीत लिहून घेतो: प्लॉट नंबर, लेआऊटचं पूर्ण नाव, जवळचा चौक, घरमालकाचा नंबर, रूम पार्टनरचा नंबर, आणि घरचा असा एक माणूस ज्याच्याशी मूल मोकळं बोलतं. शेवटचा रकाना भरताना बहुतेक जण बाबांचं नाव खोडून मामा, मावशी किंवा मोठी बहीण लिहितात. वही कपाटात नाही, फोनच्या शेजारी असते. पोलिसांना माहिती द्यायची ती अशी, “अमुक प्लॉट, अमुक लेआऊट, अमुक चौकाजवळ. बावीस वर्षांचा मुलगा, जीव द्यायचं बोलला, दहा मिनिटांपासून उत्तर नाही. घरमालक रस्त्यावर उभे राहतील, त्यांचा नंबर हा.”

दुसऱ्या दिवशी

सकाळी माणूस लाजतो. “सॉरी सर, रात्री त्रास दिला.” इथे पुन्हा ते सगळं उकरायचं नाही आणि काही झालंच नाही असंही वागायचं नाही. मी लिहिलं, “लिहिलंस ते बरं केलंस. जेवलास का? दुपारी चारला फोन करतो.” आणि चारला केला. सांगितलेली वेळ पाळणं महत्त्वाचं, कारण तो चार वाजायची वाट बघत बसलेला असतो. मग तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, आणि पुढची यादी लागेल त्या संध्याकाळी. ही शेवटची तारीख मी त्याच वहीत लिहून ठेवतो.

माझं स्वतःचं म्हणाल, तर सलग सात रात्री फोन उशाशी ठेवून मी चिडका झालो होतो, आणि चिडक्या माणसाला “अर्जंट” नुसतं “अर्जंट”च दिसतं. आता आम्ही तिघं पाळीने फोन ठेवतो. ज्याची पाळी असेल त्याने फोन सायलेंटवर टाकायचा नाही, आणि रात्री काय झालं ते सकाळी दुसऱ्याला सांगूनच फोन द्यायचा, म्हणजे दुपारी चारचा तो फोन विसरला जात नाही.

कूलरच्या तक्रारीसाठी आता वेगळा नंबर आहे. तरी परवा रात्री सव्वाबाराला याच फोनवर आलं, “सर अर्जंट.” मी साठवलेलं वाक्य पाठवलं. उत्तर आलं, “१ सर. मी ठीक आहे. लाइट गेली, पंखा बंद आहे.” मी एमएसईबीचा तक्रार नंबर दिला आणि झोपलो.